जवस आणि माशातलं ओमेगा-३

«आमच्याकडे मासे चालत नाहीत. रोज दोन मोठे चमचे जवस खाल्लं की माशाचं ओमेगा-३ मिळेल ना? – इंदूर»

अर्धंमुर्धं मिळेल. दोन मोठे चमचे म्हणजे साधारण १४ ग्रॅम जवसपूड, त्यात सुमारे ३ ग्रॅम एएलए, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-३. माशात मात्र तयार ईपीए आणि डीएचए, म्हणजे शरीर थेट वापरतं ते ओमेगा-३ असतं. शरीर एएलएपासून ते बनवतं, पण कंजूषपणे: ईपीए ५ ते ८ टक्के धरलं तर १५०–२४० मिलिग्रॅम, डीएचए बहुधा १ टक्क्याहूनही कमी, म्हणजे ३० मिलिग्रॅमच्या आत. तरुण स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेनमुळे हे प्रमाण बरंच जास्त असतं.

माळव्यात खरी अडचण सोयाबीन तेलाची. त्यात निम्म्याहून जास्त लिनोलिक आम्ल, म्हणजे ओमेगा-६ असतं; एएलएचं रूपांतर करणाऱ्या एन्झाइमवरच ते हक्क सांगतं, आणि जवसाचा नंबर मागे पडतो. म्हणून चमचे वाढवण्याआधी फोडणीचं तेल बदला; मोहरीचं उत्तम.

अख्खं जवस बरंचसं न पचताच बाहेर पडतं. हलकं भाजून दळा, पूड फ्रीजमध्ये ठेवा. रंगासारखा वास किंवा कडवटपणा आला की सरळ फेका.

डीएचएच हवं असेल, विशेषतः गरोदरपणी, तर डॉक्टरांना विचारून शैवालतेलाची कॅप्सूल घ्या. मासेही ते शैवालातूनच मिळवतात. लेबलवर एकूण तेल नव्हे, डीएचएचा आकडा वाचा; २०० ते २५० मिलिग्रॅम असावा.