मदत हवी आहे: अ‍ॅडजस्टमेंट लेयरमधून काही क्लिप वगळताना डिझॉल्व्हचे काय करावे?

प्रीमियर प्रोमध्ये मी एका माहितीपटाचे संकलन करत आहे. V1 वर शेतातील दृश्ये व मुलाखती एकामागोमाग आहेत आणि V2 वरील एकाच अ‍ॅडजस्टमेंट लेयरवर लुमेट्री कलरने उबदार छटा दिली आहे. लेयरचा परिणाम खालच्या सर्व ट्रॅकवर होत असल्याने शीर्षके V3 वर ठेवली आणि ती सहज वगळली गेली. मुलाखतींचे रंग मात्र आधीच स्वतंत्रपणे सुधारलेले आहेत, त्यामुळे त्यांवर ही छटा आली की चेहरे नारिंगी दिसतात.

जिथे साधा कट आहे तिथे लेयर रेझर टूलने कापून मुलाखतीवरचा तुकडा काढला की काम भागते. अडचण डिझॉल्व्हची आहे. लेयर मध्यावर कापल्यास विरघळणाऱ्या चित्राचा रंग एका फ्रेममध्ये उडी मारतो, आणि लेयरच्या टोकालाही क्रॉस डिझॉल्व्ह लावल्यास उडी जाते, पण तेवढ्या काळात मुलाखतीवर छटेचा अंश येतोच, कारण लेयर दोन्ही चित्रांच्या मिश्रणावर काम करतो.

मुलाखत V3 वर नेऊन, खालचे दृश्य डिझॉल्व्ह संपेपर्यंत लांबवून, वरच्या क्लिपची ओपॅसिटी ० वरून १०० वर नेली, तेव्हा निकाल अगदी स्वच्छ आला. मात्र प्रत्येक जोडावर हे करणे फार वेळखाऊ आहे. अशा वेळी केवळ शेतातील दृश्यांना सोर्स क्लिपच्या पातळीवर लुमेट्री लावून लेयर काढून टाकणे योग्य ठरेल का? छटा पुढे बदलावी लागल्यास ती सर्व सोर्स क्लिपवर एकदम कशी बदलता येईल, हे अनुभवी संकलकांनी कृपया सांगावे.