ऑफर आल्यावर पगाराबद्दल कारणांसह ईमेल लिहावा की नुसता आकडा सांगावा?

रोखठोक_कोथरूड:
ऑफर हातात आल्यावर पगारासाठी चार परिच्छेदांचे पत्र लिहिणारे लोक पाहिले की हसू येते. फोन करा, हवा तो आकडा सांगा आणि गप्प बसा. कारणे दिली की समोरच्याला ती खोडून काढायला जागा मिळते, आणि आभार, विनंती वगैरे लिहिले की हा उमेदवार देऊ तेवढ्यावर येणार, हे त्याला कळते.

सायली_बावधन:
अशाच सल्ल्याने मी एकदा फोनवर आकडा सांगून गप्प बसले होते. पलीकडच्या बाईंनी "नोंद करते" असे सांगितले आणि आठ दिवसांनी जुनेच पत्र तारीख बदलून आले. म्हणून पुढच्या वेळी मी लिहिले, आणि ते सविस्तर सांगते.

ऑफर 14 लाखांची होती, माझे तेव्हाचे सीटीसी 11 लाख होते. घरी सगळ्यांनी सत्तावीस टक्के वाढ म्हणून पेढे मागितले. मी दोन्ही पत्रके शेजारी ठेवून बसले. नव्या पत्रकात 1 लाख 40 हजार बदलते वेतन होते. मूळ वेतन 7 लाख, त्यावर कंपनीचा पीएफ 84 हजार आणि ग्रॅच्युइटी सुमारे 33 हजार 700, हे दोन्ही 14 लाखांच्या आतच धरलेले होते. हे सगळे वजा करून, माझा स्वतःचा पीएफ आणि व्यवसाय कर कापून, आयकराआधी हातात महिन्याला साधारण 88 हजार येत होते. जुन्या कंपनीच्या सीटीसीत बदलते वेतन धरलेले नव्हते आणि पीएफ महिन्याला 1,800 रुपयांवरच थांबवलेला होता, त्यामुळे तिथे हातात 85 हजार 600 पडत होते. म्हणजे तीन लाखांच्या वाढीतून महिन्याला सुमारे 2,300 रुपये वाढत होते. हा हिशेब फोनवर सांगून पाहा आणि पलीकडचा माणूस कुठे हरवतो ते मोजा.

मूळ पत्र इंग्रजीत होते. त्याचा आशय असा:

"ऑफरबद्दल मनःपूर्वक आभार. मुलाखतीत ज्या कामाची माहिती मिळाली ते मला करायचे आहे, आणि पुढील दोन मुद्द्यांवर एकमत झाल्यास मी 15 तारखेच्या आत स्वाक्षरी करून पत्र परत पाठवेन. पहिला मुद्दा निश्चित वेतनाचा आहे. या पदावर दोन कनिष्ठ सहकाऱ्यांचे काम पाहायचे आहे आणि महिन्यातून एक आठवडा रात्रीची ऑन-कॉल जबाबदारी आहे, हे दुसऱ्या फेरीत समजले. पदाच्या मूळ वर्णनात या दोन गोष्टी नव्हत्या. त्यामुळे बदलते वेतन वगळून निश्चित भाग 12 लाख 60 हजारांऐवजी 14 लाख असावा, अशी माझी अपेक्षा आहे. दुसरे असे, की मार्चअखेर मिळणारा 90 हजारांचा वार्षिक बोनस मी जानेवारीत नोकरी सोडल्यामुळे बुडेल. तेवढी रक्कम एकदाच, जॉइनिंग बोनस म्हणून मिळावी. बोलणे सोयीचे वाटल्यास बुधवारी किंवा गुरुवारी सायंकाळी सहानंतर मी फोनवर उपलब्ध आहे."

चार दिवसांनी सुधारित पत्र आले. निश्चित भाग 13 लाख 20 हजार झाला आणि 90 हजार पूर्ण मिळाले. माझी कारणे कोणी खोडली नाहीत, कारण ती माझ्या घरभाड्याची नव्हती, त्यांनीच सांगितलेल्या कामाची होती.

रोखठोक_कोथरूड:
14 मागितले आणि 13.2 मिळाले, म्हणजे 80 हजार गेले. याला विजय म्हणायचे असेल तर माझी हरकत नाही. आणि "महिन्याला 2,300 वाढले" हे दिशाभूल करणारे आहे. पीएफ तुमचाच पैसा असतो, तो कंपनीच्या खिशात जात नाही.

सायली_बावधन:
पीएफचे तुमचे म्हणणे बरोबर आहे, आणि हे लिहिताना मला आनंद होत नाही. दोन्ही बाजू मिळून महिन्याला आधी 3,600 जमा होत होते, ते 14 हजार होणार होते, हे मी सांगायला हवे होते. परंतु हप्ता आणि भाडे हातात आलेल्या पैशांतून जाते, त्यामुळे पाहायचा पहिला आकडा तोच.

अण्णा_निवृत्त:
आमच्या काळी सरकारी बँकेत द्विपक्षीय करार व्हायचा आणि सगळ्यांचा पगार एकदम वाढायचा. असे एकेकट्याने अर्ज करत बसण्याची वेळ आली नाही. तुमची संघटना याबाबत काय करते, आणि वरिष्ठांकडे अर्ज करण्याआधी शाखाधिकाऱ्यांची शिफारस घेतली होती का?

सायली_बावधन:
अण्णा, ही नोकरीत असतानाची पगारवाढ नव्हे. मी अजून त्या कंपनीत रुजूच झाले नव्हते.

भरतीतला_माणूस:
सोळा वर्षे उमेदवारांच्या भरतीचेच काम केले, तेव्हा टेबलाच्या या बाजूचे सांगतो. ज्या व्यक्तीशी तुम्ही फोनवर बोलता, तिला बहुतेक वेळा एक रुपयाही वाढवण्याचा अधिकार नसतो. ती मंजुरीसाठी वर एक टिपण पाठवते, आणि त्या टिपणात "उमेदवाराला जास्त हवे आहेत" एवढेच असेल तर ते तिथेच पडून राहते. सायलीताईंच्या पत्रातली दोन वाक्ये मी जशीच्या तशी उचलून टिपणात चिकटवली असती. वेतनाचे टिपण वाचणाऱ्याने तुम्हाला पाहिलेले नसते, तुमचा आवाज ऐकलेला नसतो, त्याच्यासमोर फक्त कारण असते.

दुसरी गोष्ट, त्यांनी दोन मागण्या वेगळ्या ठेवल्या हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटले. निश्चित वेतन वाढवले की ते दर वर्षी द्यावे लागते आणि त्याच पदावरच्या जुन्या लोकांशी त्याची तुलना होते, म्हणून पदाच्या वेतनपट्ट्याबाहेर जायला कोणी तयार नसते. एकरकमी बोनसला हे अडथळे नसतात. एकदाच होणारे नुकसान एकदाच भरून मागितले की नाही म्हणणे अवघड जाते. तेच 90 हजार त्यांनी निश्चित वेतनात घुसवून मागितले असते तर दोन्ही मागण्या एकत्र अडकल्या असत्या.

मात्र रोखठोकांच्या बाजूनेही एक सांगतो. त्या पत्राआधी दोन मिनिटांचा फोन झाला असता तर वेतनपट्ट्याचे वरचे टोक कुठे आहे याचा अंदाज आला असता. ते टोक 13.2 असेल तर 14 मागून काही बिघडत नाही, पण 12.8 असते, तर याच पत्रावर "परवडणार नाही" असा शेरा पडून दुसऱ्या उमेदवाराला फोन गेला असता.

रोखठोक_कोथरूड:
म्हणजे आधी फोन करायचा. मी नेमके काय म्हणत होतो?

भरतीतला_माणूस:
तुम्ही फोन करून गप्प बसायला सांगत होता. मी फोन करून मग लिहायला सांगतो आहे.

वेर्ण्याहून:
या सगळ्यात मूळ दुखणे राहूनच जाते. मी गोव्यात औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. कितीही सभ्य पत्र लिहा, समोरून पहिला प्रश्न "सध्याचा पगार किती आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पावत्या पाठवा" हाच येतो. माझा पगार 6 लाख 20 हजार होता, कारण पहिल्या नोकरीत मी काहीच मागितले नव्हते. मी तपासणीला आलेल्या परदेशी निरीक्षकांसमोर कागदपत्रे मांडण्याचा अनुभव कारण म्हणून लिहिला. उत्तर आले, की सध्याच्या पगारावर वीस टक्क्यांपेक्षा जास्त देण्याचे धोरण नाही. रुजू झाल्यावर कळले की शेजारच्या टेबलावरचा, माझ्याहून एक वर्षाने कनिष्ठ, 9 लाखांवर आला आहे. पहिल्या नोकरीतला भिडस्तपणा मी तिसऱ्या नोकरीतही फेडतो आहे.

रोखठोक_कोथरूड:
म्हणूनच सध्याचा आकडा वाढवून सांगायचा. सगळे सांगतात.

भरतीतला_माणूस:
कृपया असले सल्ले देऊ नका. पावत्या, फॉर्म 16 आणि पीएफचे पासबुक मागितले जाते, आणि पीएफ 1,800 वर थांबवलेला नसेल तर पासबुकातल्या दरमहाच्या रकमेवरून मूळ वेतनाचा अंदाज कोणीही बांधू शकतो. रुजू झाल्यावर दोन महिन्यांनी, पार्श्वभूमी तपासणीच्या अहवालावरून, काढून टाकलेली माणसे मी पाहिली आहेत. तुमचे "सगळे" तेव्हा सोबत येत नाहीत.

रोखठोक_कोथरूड:
तुम्ही लोक दुसऱ्याचा पगार उघडा करून पाहता, स्वतःचा वेतनपट्टा मात्र तिजोरीत ठेवता, आणि प्रामाणिकपणाचे धडे आम्हाला! माझ्या पावत्या मागण्याचा तुम्हाला काय अधिकार आहे ते आधी सांगा.

भरतीतला_माणूस:
आवाज चढवल्याने अधिकार ठरत नाही. तरीही कबूल करतो, की पट्टा लपवून पावती मागणे एकतर्फी आहे आणि मी ते सोळा वर्षे केले आहे. वेर्ण्याच्या मित्रांना एवढेच सांगेन, की पावती लपवता येत नसेल तर पत्रातच तिचा संदर्भ तोडावा. "माझे सध्याचे वेतन माझ्या पहिल्या नेमणुकीच्या पातळीवरून ठरत आले आहे, आपल्याकडील पद निरीक्षणाच्या जबाबदारीचे असल्याने त्या पदाच्या वेतनपट्ट्यानुसार विचार व्हावा" असे लिहिले की निदान मंजुरी देणाऱ्याला अपवाद करण्यासाठी एक वाक्य हाताशी मिळते.

वेर्ण्याहून:
आणि तो म्हणाला की धोरण म्हणजे धोरण, तर?

भरतीतला_माणूस:
तर नाही म्हणण्याची तयारी असलेल्यालाच पुढे जाता येते. याला माझ्याकडे तोडगा नाही.

मुक्ता_नाशिक:
सायलीताई, त्या 90 हजारांच्या आनंदात एक गोष्ट राहिली. वर्षाच्या आत सोडल्यास जॉइनिंग बोनस परत करण्याची अट तुमच्या पत्रातही असेल. मला असा एक लाख मिळाला होता, कर कापून हातात सुमारे 70 हजार आले. दहाव्या महिन्यात वडिलांच्या आजारपणामुळे नोकरी सोडावी लागली, तेव्हा वसुली पूर्ण एक लाखाची काढली. अटीत "प्रत्यक्ष मिळालेली रक्कम" असे नव्हते आणि मी वाचलेही नव्हते. परतफेड काम केलेल्या महिन्यांच्या प्रमाणात कमी होत जावी, हे वाक्य सही करण्याआधी त्याच सौम्य भाषेत मागता आले असते.

सायली_बावधन:
माझ्याही पत्रात बारा महिन्यांची अट होती, आणि ती ढोबळ रकमेवरच होती. मी ती तेव्हा वाचली होती, पण 14 चे 13.2 झाल्यावर आणखी काही मागायला संकोच वाटला. तुमची हरकत माझ्या पत्रात तिसरा मुद्दा म्हणून असायला हवी होती, हे मान्य.

एक मात्र मी पाळले. सुधारित आकड्याचे पत्र, सहीशिक्क्यासह, हातात येईपर्यंत जुन्या कंपनीत राजीनामा दिला नाही. त्या चार दिवसांत भरतीच्या बाईंचा फोन आला होता की "तोंडी मंजुरी झाली आहे, तुम्ही राजीनामा देऊन टाका." मी पत्र आल्यावर लगेच देते, असे त्यांना नम्रपणे लिहून कळवले.

रोखठोक_कोथरूड:
तेही लिहूनच? ठीक आहे. पुढच्या ऑफरच्या वेळी फोननंतर मी एक ओळ लिहीन. एकच. आभाराची नाही.

अण्णा_निवृत्त:
रुजूच झाल्या नव्हत्या तर मग बोनस कसा बुडाला, हे अजून माझ्या लक्षात आलेले नाही.