मदत हवी आहे: झाकणावर SR626SW, आत मात्र AG4 निघाला. कुठला सेल घालू?

टिकटिक_मामा: काट्यांचं क्वार्ट्झ घड्याळ आहे. सेल बदलून वर्षही झालं नाही आणि ते मागे पडायला लागलंय. झाकण उघडलं तर आतल्या बाजूला SR626SW कोरलेलं, पण बसवलेल्या सेलवर AG4. मल्टिमीटरवर 1.37 व्होल्ट येतात. मापाने दोन्ही सारखेच वाटतात, मग कोणता घ्यावा?

रानवारा: माप सारखं असेल तर काहीही चालतं हो. 1.5 आणि 1.55, एवढ्याशा फरकाने काय होतंय!

जुनाकारागीर: रानवारा, मापाचं बरोबर आहे. AG4 म्हणजेच LR626. 6.8 मिमी व्यास, 2.6 मिमी जाडी, नंबरातला 26 तीच जाडी सांगतो. खरा फरक पहिल्या अक्षरात आहे: S सिल्व्हर ऑक्साइड, L अल्कलाइन. सिल्व्हर ऑक्साइड जवळपास शेवटपर्यंत 1.55 धरून ठेवतो आणि मग एकदम बसतो. अल्कलाइनचा व्होल्टेज पहिल्यापासूनच हळूहळू उतरत जातो, शिवाय त्याची क्षमताही कमी.

मामा, तुमचं घड्याळ मागे पडतंय ते बहुधा त्यामुळेच. क्रिस्टलचा ठेका फारसा बदलत नाही, पण मोटरला मिळणारा धक्का कमजोर पडतो आणि मधूनच एखादं पाऊल चुकतं. 377 लिहिलेला सेल मागा, तो म्हणजेच SR626SW. फक्त 364 घेऊ नका. तो SR621SW, व्यास तोच पण अर्धा मिमी पातळ. बसतो, पण वरची पट्टी त्याला नीट टेकत नाही. मनगटाला झटका बसला की घड्याळ बंद!

शेवंता७: माझ्या डिजिटल घड्याळात CR2016 आहे. त्याच्या जागी 377 चालेल का? दिवा लावला की आकडे फिके पडतात.

जुनाकारागीर: अजिबात नाही. CR म्हणजे लिथियम, 3 व्होल्टचा. नवा CR2016च घाला. दिव्याला जास्त करंट लागतो, म्हणून सेल उतरला की तो आधी तिथेच कळतो.

टिकटिक_मामा: 377 आणला, 1.56 दाखवतोय. पण सेलच्या खाचेत पट्टीवर पांढरी पूड दिसतेय.

जुनाकारागीर: जुना सेल पाझरलाय. अल्कलाइन संपल्यावर आत राहिला की असं होतं. लाकडी टूथपिकच्या टोकाला जरासं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पूड काढा, पट्टी वाकवू नका. बाजूला केसासारख्या तारेची कॉइल असते, तिला टोक लागलं तर मशीन गेलंच समजा. आणि नवा सेल चिमट्याने धरायचा तर प्लास्टिकच्या. धातूचा असेल तर दोन्ही बाजू एकदम धरू नका, शॉर्ट होतो.

रानवारा: बरं, मान्य. पण मग 376 का नको? तोही त्याच मापाचा सिल्व्हर ऑक्साइड आहे की.

जुनाकारागीर: तो SR626W, जास्त करंट खेचणाऱ्या घड्याळांसाठी, म्हणजे दिवा-अलार्मवाल्या. साध्या काट्यांच्या घड्याळात चालेल, पण मी 377च घालतो.

टिकटिक_मामा: पूड काढली, सेल बसवला. काटा सेकंदाला एक याप्रमाणे चालतोय. पट्टीवर हिरवट डाग मात्र राहिलाय, तो खरवडू का?

रानवारा: पॉलिश पेपर मारा हलकासा.

जुनाकारागीर: पॉलिश पेपर नको, मुलामा निघेल. जवळून फोटो टाका आधी.