मदत हवी आहे: स्वप्नातलं घड्याळ पुढेच पळतंय

वय ४७. पीएचडीचा प्रबंध नऊ वर्षं अर्धवट पडून आहे. गेले दोन महिने आठवड्यातून तीन-चारदा एकच स्वप्न पडतं: परीक्षेचा हॉल, कोरी उत्तरपत्रिका आणि भिंतीवरचं घड्याळ. दहा वाजलेले दिसतात, मान खाली घालून परत वर बघते तर पावणेएक. टिकटिक मात्र संथच. जाग येते ती पहाटे साडेचारला, छातीत धडधड घेऊन. पहाटे रेम झोपेचे टप्पे लांबतात, म्हणून तेव्हाची स्वप्नं जास्त लक्षात राहतात, एवढं माहीत आहे.

समुपदेशकांनी उपाय दिला: स्वप्न लिहायचं, शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा आणि तो दिवसा जागेपणी रोज दहा मिनिटं डोळ्यांसमोर आणायचा. मी घड्याळाचा सेल काढून टाकते असा शेवट केला. पंधरा दिवसांत घड्याळ खरंच बंद पडलं, पण आता पर्यवेक्षक येऊन माझं वय विचारतात! (हसू नका.)

हा उपाय कुणी केलाय का? शेवट पुन्हा बदलायचा, की तोच चालू ठेवायचा? आणि उशाचं घड्याळ हलवून कुणाला फरक पडला का?