मदत हवी आहे: पहिल्याच मेसेजमधला 🙂 कसा घ्यायचा?

रानजाई:
डेटिंग अॅपवर एक मॅच आलीय, तो ३६ चा, मी २८. त्याच्या अख्ख्या प्रोफाईलमध्ये एकही इमोजी नाही, नीट पूर्ण वाक्यं लिहिलीयेत. पहिला मेसेज असा आला: "फोटो राजगडचा दिसतोय, नेढ्यापर्यंत गेला होतात का 🙂". प्रश्न आवडला मला, फोटो नीट बघून विचारलाय, पण तो शेवटचा 🙂 खटकतोय, आमच्या ग्रुपमध्ये हा फक्त राग गिळताना टाकतात. मैत्रीण म्हणते खवचट आहे, सोड. इमोजीवरून माणसाच्या स्वभावाचा खरंच अंदाज येतो का? उत्तर द्यायचंय त्याला, म्हणून विचारतेय.

पाठमोरा:
🙂 म्हणजे टोमणाच, यात शंका नाही. आणि बायोत इमोजी नाही म्हणजे माणूस कोरडा, ज्यांच्या बायोत ⛰️☕🐶 भरपूर असतात ते दिलखुलास असतात. काहींचे तर छुपे अर्थ असतात, उलटा 🍍 किंवा 🦄 दिसला की तिथून निघायचं.

माधवी_ठाणे:
रानजाई, मी बरीच वर्षं लोकांची डेटिंग प्रोफाईल्स नीट करून देते, त्यावरून सांगते. पाठमोरा म्हणतोय तो टोमण्याचा अर्थ आहे, पण तुझ्या वयाच्या लोकांत. त्याच्या वयाचे लोक :) टाइप करत मोठे झाले, काही अॅपमध्ये तेच आपोआप 🙂 होतं, आणि त्यांच्यासाठी तो नुसता 'प्रश्न प्रेमाने विचारतोय' एवढाच असतो. त्याने तुला 'गेला होतात का' असं अहो-जाहो केलंय बघ, मला तर तो अदबीतलाच 🙂 वाटतो. खवचट माणूस नेढ्याबद्दल कशाला विचारेल.

एका इमोजीवरून काही ठरवू नको, तो कुठे येतो ते बघ. दर दुसऱ्या वाक्याला येत असेल तर ती सवय, पूर्णविरामासारखी. तू उशिरा उत्तर दिलंस, नाही म्हणालीस, विषय बदललास, तेवढ्याच वेळी येत असेल तर ती टोचणी. आत्ता एक ओळ नेढ्याबद्दल लिही आणि तुझ्या सवयीचा 😄 टाक. समोरचा बोलण्यात रमला की हळूहळू आपले इमोजी उचलतो, चारपाच मेसेजमध्ये कळतं.

बायोत इमोजी नाही यावरून कोरडेपणा ठरत नाही. ⛰️☕🐶 तर इतक्या जणांकडे असतात की त्यातून स्वभाव कळतच नाही, नेढ्याच्या एका प्रश्नातून जास्त कळतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सिंगल लोकांचा एक अभ्यास आला होता, त्यात इमोजी जास्त वापरणाऱ्यांच्या पहिल्या डेट्सही जास्त झालेल्या दिसल्या. पण लोकांनी स्वतःच सांगितलेली माहिती आहे ती, इमोजीमुळे डेट झाली की मुळात मोकळी माणसंच इमोजी जास्त टाकतात, हे त्यातून कळत नाही.

आणि 🦄 बद्दल, जोडपी तिसरी व्यक्ती शोधतात तेव्हा तो वापरतात हे खरं, पण प्रोफाईलवर दोघांचे फोटो किंवा 'आम्ही' असं काही असेल तरच तसा अर्थ घ्यायचा, नाहीतर कित्येक मुली गोड दिसतो म्हणून टाकतात. उलट्या अननसाचंही तसंच.

दादासाहेब_सांगली:
मुलाचं स्थळ बघतोय. विवाह साइटवर बायोडाटा पाठवताना मी शेवटी 🙏 लावतो. मुलीकडच्यांकडून नुसता 👍 आला तर तो होकार समजायचा का?

माधवी_ठाणे:
नाही काका, तो 'मिळाला' एवढाच. दोनतीन दिवस थांबून फोन करा, 👍 वर कांदेपोह्यांची तारीख धरू नका.

रानजाई:
ताई, मी लिहिलं "हो गेले होते, वारा इतका होता की फोटोच नीट नाही आला 😄". त्यावर मोठं उत्तर आलं, सुवेळा माची, पाली दरवाजा, सगळं, मध्ये दोनदा 🙂 आणि एकदा चक्क 😄. मग मी ऑफिसच्या कामात अडकले, रात्री बघते तर "बिझी दिसताय 🙂". आता हा कुठला धरायचा?

पाठमोरा:
हा टोमणा. सांगितलं होतं.

माधवी_ठाणे:
हा मलाही थोडा खटकला, खोटं नाही बोलणार. पण एकच आहे, आणि आधीचे दोन गडाच्या गप्पांत आलेत. दिवसा कामात असते, रात्री निवांत बोलते, असं सरळ लिही त्याला. पुढच्या वेळी उशीर झाल्यावर परत असंच आलं तर मी पाठमोराच्या बाजूला.

रानजाई:
लिहिलं. "हो चालेल, निवांत बोलू" एवढंच आलंय, इमोजी नाही. मैत्रीण म्हणते चिडला, मला तसं वाटत नाहीये. उद्या रात्रीचं बघते आणि इथेच टाकते.