मदत हवी आहे: केळीच्या बागेतली पोर्ट्रेट आणि चेहऱ्यावरचा हिरवा रंग

नमस्कार मंडळी. रावेरकडच्या केळीबागेत एका विद्यार्थ्याने मजुरांची बारा पोर्ट्रेट काढली आहेत. त्याला पाठवायच्या ईमेलचा मुख्य भाग असा:

"माणसं तुझ्याशी मोकळी झाली आहेत, ते डोळ्यांत दिसतं. पण सात फोटोंत कातडी आजारी वाटते. पाचव्या फोटोतल्या आजोबांची पांढरी टोपी मोठी करून बघ. पानांकडची घडी हिरवी आहे, आकाशाकडची निळसर. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवाच असतो. तू टिंट मॅजेंटाकडे नेलास, तर हिरवा गाल सुधारला, पण दुसरा गाल गुलाबी झाला. दोन रंगांचे उजेड एका व्हाइट बॅलन्सने जुळत नाहीत. पुढच्या वेळी माणसाला बागेच्या कडेला, सावलीत हातभर आतच उभं कर आणि तोंड मोकळ्या आकाशाकडे ठेव. आत पांढरा रिफ्लेक्टर धरू नकोस, तो हिरवंच परत फेकतो."

आता अडचण. कापणी सुरू असताना मजुरांना दरवेळी बांधावर बोलावणं बरं नाही, त्यांचं काम खोळंबतं. म्हणून पानांच्या बाजूला काळं कापड धरायला सांगावं असं वाटतं. त्याने हिरवा उजेड अडेल, पण सावळ्या चेहऱ्याची ती बाजू फार काळवंडेल का? कापड किती अंतरावर धरता? आणि काढलेल्या सात फोटोंत फक्त हिरव्या गालावर मास्क लावून रंग सुधारायला सांगू, की ते मालिकेतून काढायलाच सांगू? बागेत काम केलेल्यांनी कृपया सांगा.