उ: चादरीचा फोटो, स्ट्रेच करूनही काळाच

> "सोलापुरी चादरीच्या फोटोत वीण दिसत नाही. मिन-मॅक्स स्ट्रेच केला तर आणखीच काळं झालं."

तुम्ही दिलेल्या ४×४ तुकड्याचा हिस्टोग्राम मांडला: ९० एकदा, ९५ दोनदा, १०० चारदा, १०५ आणि ११० तीन-तीनदा, १२० दोनदा आणि २४० एकदा. घोळ त्या २४० मध्ये आहे. तो बहुधा चादरीवर पडलेला ट्यूबलाइटचा उजेड असावा. मिन-मॅक्समध्ये ९० चा ० आणि २४० चा २५५ होतो, म्हणजे उतार १.७. मग १२० जातो फक्त ५१ वर. एका पिक्सेलसाठी बाकीचे पंधरा अंधारात.

म्हणून एकाच सरळ रेषेऐवजी दोन ठिकाणी मोडणारी, म्हणजे उतार बदलणारी रेषा वापरा. १२० ते २४० मध्ये काहीच नाही, म्हणून दुसरा मोड १२० वर घ्या आणि पहिला ९० वर. मी (९०, २०) आणि (१२०, २२०) धरले:

```python
out = np.interp(img, [0, 90, 120, 255], [0, 20, 220, 255])
out = np.rint(out).astype(np.uint8)
```

मधला उतार २००/३० म्हणजे ६.६७. १०० चा ८७ होतो, ११० चा १५३ आणि २४० चा २५१, म्हणजे चकाकीही शाबूत. ९० ला थेट ० दिला असता तर उरलेल्या फोटोतली ९० खालची सावली सपाट काळी झाली असती.

पूर्ण फोटोत ज्या मूल्यांखाली १ टक्का आणि ९९ टक्के पिक्सेल येतात, तिथे मोड घेतले तरी चालतात. इथे एक पिक्सेलच सहा टक्क्यांचा, त्यामुळे डोळ्यांनीच बघावं लागतं.

मात्र कॅमेऱ्याचा नॉइजही ६.६७ पट वाढतो. सपाट रंगाच्या पट्ट्यात रवाळपणा दिसला तर २२० चा १८० करून बघा.